"भाऊ आहे ना!"



ज्या घरात विशेष मूल आहे, त्या घरच्या आईला आपण मंदिराच्या पायरीवर दोन वाक्यं हमखास ऐकवतो. एक, "मागचं कर्म, भोगावंच लागतं." दुसरं, "काळजी कशाला, थोरला भाऊ आहे ना!" दोन्ही बंद करा.

पहिल्याबद्दल थोडंच. ज्याचं कर्म त्याला, हे आपण पाठशाळेत शिकलो. मग आईला अपराधी कोण ठरवतं? वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप, आणि ती बाई स्वतःहून जड झालेल्या मुलाला रोज अंघोळ घालून ते करतेच आहे. बरोबरीची मुलं दहावीला बसली की तिचं दुःख पुन्हा ताजं होतं. तिला उपदेश नको, दुपारची दोन तास झोप हवी. तेवढा वेळ मुलाजवळ बसायला आपल्यातली कोण जाते?

दुसरं वाक्य जास्त घातक. आमच्या नात्यातल्या एका घरी धाकट्याला बौद्धिक अपंगत्व आहे. वडिलांनी इच्छापत्रात घर आणि ठेवी थोरल्याला लिहिल्या, "तो बघेल" म्हणून. थोरला सोन्यासारखा आहे हो! पण माझी बी.कॉम.ची बुद्धी विचारते, धंद्यात कर्ज झालं तर देणेकरी धाकट्याचा वाटा वेगळा ठेवतील का? थोरला आधी गेला तर सगळं त्याच्या वारसांकडे जाईल. कागदावर धाकट्याचं काहीच नाही.

मुलाला अठरा पूर्ण झाली की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी त्या समितीत असतात. अर्ज आईवडील करू शकतात. ज्या पालकाच्या ताब्यात मालमत्ता येते, त्याने सहा महिन्यांत तिची यादी द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब. तो हयगय करू लागला, पैसे खाऊ लागला, तर नातेवाईक तक्रार करू शकतात आणि समिती त्याला काढू शकते.

पैशासाठी वकिलाकडून मुलाच्या नावाचा खासगी न्यास करून घ्यावा आणि इच्छापत्रात त्याचा वाटा न्यासाला लिहावा. विश्वस्त दोघं-तिघं असावेत, त्यांत एक घराबाहेरचा. सांभाळणारा आणि तिजोरी राखणारा एकच माणूस नको. अर्थात न्यास पैसे सांभाळतो, माया करत नाही. ती माणसं आपणच जोडायची.

आणि थोरल्याला कुणी विचारलंय? त्या घरचा थोरला सत्तावीसचा आहे. स्थळं येतात, धाकट्याचा विषय निघाला की बैठक गप्प होते. "आईबाबांनंतर काय?" असं मुलीची आई विचारते, आणि तिला दाखवायला घरात एक कागद नाही.