डिस्क बदलली, ड्रायव्हरचे काय?
व्हीएमवेअरवरचा विंडोज सर्व्हर केव्हीएमवर नेताना सगळी काळजी डिस्कच्या रूपांतराची केली जाते. माझ्या मते ती चुकीच्या जागी खर्च होते. ओव्हीए ही साधी टार फाइल असते. ती उघडली की यंत्राचे वर्णन आणि व्हीएमडीके डिस्क हाती येते, आणि `qemu-img convert -O qcow2` त्या डिस्कची `qcow2` करून देतो. फक्त वेष्टन बदलते. आतल्या विंडोजला मात्र अजून जुनाच डिस्क कंट्रोलर ठाऊक असतो. म्हणून डिस्क थेट व्हर्टआयओवर जोडली की निळ्या पडद्यावर `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` झळकते. फाइल बिघडली असे समजून रूपांतर पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण तो पडदा दाखवणारे विंडोजही त्याच डिस्कवरून वाचले गेलेले असते. तीच डिस्क साटावर जोडून पाहा. सहसा यंत्र सुरू होते. मग व्हर्टआयओचे ड्रायव्हर बसवा. पण तेवढे पुरत नाही: उपकरण प्रत्यक्ष दिसल्याशिवाय विंडोज तो ड्रायव्हर बूटच्या वेळी चढवेलच असे नाही. म्हणून एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची, ती ओळखली गेली की यंत्र बंद करून मूळ डिस्क तिकडे हलवायची. `virt-v2v` हे सारे आपोआप करतो, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, आणि यंत्रे पुष्कळ असतील तर तेच साधन वापरावे. मात्र त्याला विंडोजच्या डिस्कवर लिहावे लागते. यंत्र हायबरनेट अवस्थेत असेल, तर तो तिथेच अडतो.