शिल्लक दिसते, पण पैसे कधी?

शेअर विकल्याबरोबर दलालाच्या लेजरवर रक्कम जमा दिसते. ती बँकेत मागवायला गेले की काढता येण्याजोगी रक्कम शून्य असल्याचे कळते. कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे शेअर विकून आलेला पैसा बहुधा कोणत्या तरी ठरलेल्या खर्चासाठी असतो, तिथे हा अनुभव चांगलाच अस्वस्थ करतो. फसवणुकीची शंकाही येते. बहुतेक वेळा तसे काही नसते. लेजरच्या एकाच ओळीत दोन तारखा दडलेल्या असतात आणि वाचणारा त्यांतली एकच पाहतो.

पहिली तारीख सौद्याची, दुसरी सौदापूर्तीची, म्हणजे सेटलमेंटची. २७ जानेवारी २०२३ पासून भारतात सर्व शेअरचे व्यवहार सौद्यानंतरच्या एका कामकाजी दिवसात पूर्ण होतात. २००३ पासून ही मुदत दोन दिवसांची होती. मात्र यातला कामकाजी दिवस बाजाराबरोबर बँकांचाही असावा लागतो. याचे बोलके उदाहरण शिवजयंतीचे. बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५ रोजी शेअर बाजारात उलाढाल झाली, पण महाराष्ट्रात बँका बंद असल्याने सौदापूर्ती झाली नाही. (कोल्हापुरात वैशाखात तिथीनुसारही शिवजयंती साजरी होते, बँकांची सुटी मात्र १९ फेब्रुवारीचीच.) मंगळवार १८ आणि बुधवार १९, या दोन्ही दिवसांच्या विक्रीचे पैसे गुरुवारी, २० तारखेलाच मिळणार होते.

समजा, राजारामपुरीतील एका गुंतवणूकदाराने त्या मंगळवारी ८०० रुपये भावाने १०० शेअर विकले. विक्रीची रक्कम झाली ८०,००० रुपये. दलाली शेकडा ३० पैसे धरली तर २४० रुपये, आणि रोखे व्यवहार कर अर्थात एसटीटी शेकडा १० पैसे म्हणजे ८० रुपये. बाजाराचे व्यवहार शुल्क तेव्हाच्या दराने, लाखाला २.९७ रुपये, म्हणजे २.३८ रुपये आणि सेबीचे शुल्क ८ पैसे. दलाली आणि या दोन शुल्कांवर १८ टक्के जीएसटी ४३.६४ रुपये. एसटीटीवर जीएसटी लागत नाही आणि मुद्रांक शुल्क फक्त खरेदीवर असते. विक्रीच्या बिलात ते दिसल्यास जाब विचारावा. एकूण कपात ३६६.१० रुपये. लेजरवर मात्र हा तपशील येत नाही. तिथे ७९,६३३.९० रुपये जमा अशी एकच ओळ असते. तिचा खुलासा त्या दिवसाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये मिळतो आणि दोन्हींकडची निव्वळ रक्कम पैशापर्यंत जुळायला हवी.

गोंधळ होतो तो त्यापुढच्या ओळींमुळे. शेअर डिमॅट खात्यातून बाहेर गेल्याचे शुल्क कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये नसते, ते लेजरला स्वतंत्रपणे नावे पडते. ते १५ रुपये अधिक जीएसटी धरले तर १७.७० रुपये. हे शुल्क शेअरच्या संख्येवर नव्हे, तर दर कंपनीमागे दर दिवशी एकदा लागते. त्यामुळे तेच १०० शेअर चार दिवसांत थोडेथोडे विकले तर ते चार वेळा भरावे लागते. त्याखेरीज डिमॅटचे वार्षिक शुल्क, जीएसटीसह ३५४ रुपये, आधीच नावे पडलेले असेल तर तेही वळते होते. म्हणजे शिल्लक ७९,२६२.२० रुपये. मंगळवारी रात्री पडद्यावर ही रक्कम दिसेल. काढता येईल ती गुरुवारी.

हा तारखांचा फरक उलट बाजूनेही बोचतो. खरेदीच्या बिलाची नोंद सौद्याच्या तारखेने होते, पैसे देणे मात्र सौदापूर्तीच्या दिवशी असते. विलंबाचे व्याज नावे पडले असेल तर ते कोणत्या तारखेच्या शिलकीवर मोजले, हे दलालाला विचारलेच पाहिजे. ३५४ रुपयांसारखी विसरलेली बाकी महिनोन्महिने राहिली तर तिच्यावरही व्याज चढते, आणि ती ओळ इतकी किरकोळ असते की कोणी तिच्याकडे पाहत नाही.

लेजरची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. ते दलालाने स्वतः लिहिलेले खाते आहे. त्यात जमा दिसणे म्हणजे दलाल ते देणे कबूल करतो, एवढेच. पैसे किंवा शेअर खरोखर जागेवर आहेत याचा तो पुरावा नव्हे. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर निर्बंध घातले ते ग्राहकांच्या शेअरचा गैरवापर झाल्याच्या कारणावरून. अशा प्रकरणात निव्वळ लेजर वाचून काही कळत नाही. पडताळा बाहेरून घ्यावा लागतो. दलालाने कळवलेली ग्राहकाची शिल्लक शेअर बाजार एसएमएस आणि ई-मेलने पाठवतात. ती त्याच तारखेच्या लेजरशी जुळवावी. शेअरचा पडताळा सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून थेट येणाऱ्या विवरणपत्राशी घ्यावा. हे संदेश येतच नसतील, तर आपल्या खात्यावर नोंदलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हे आधी तपासावे.