नोड रिकामे, तरी तुमचं काम रांगेतच! महासंगणकाची रांग नेमकी चालते कशी?

विश्लेषण

संशोधक विद्यार्थ्यांच्या पोस्टमध्ये एक स्क्रीनशॉट अधूनमधून दिसतो. काळ्या पडद्यावर कामांची लांबलचक यादी, त्यात स्वतःच्या नावापुढे PD ही दोन अक्षरं, आणि वर वैतागाची ओळ : ‘तीन नोड रिकामे आहेत, माझ्या नंतर आलेल्याचं काम सुरू झालं, माझं मात्र चार दिवस लटकलंय. वशिला लागतो का इथे?’

PD म्हणजे pending, अर्थात काम रांगेत आहे. वशिल्याबद्दल सांगायचं तर तो बहुतेक वेळा नसतो. पण ही रांग रेशनच्या दुकानासारखी ‘आधी येईल त्याला आधी’ अशीही नसते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

हा प्रश्न आता बऱ्याच जणांचा आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून देशातल्या संस्थांना यंत्रं मिळाली. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आलं. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथली तीन ‘परम रुद्र’ यंत्रं राष्ट्राला अर्पण झाली. रेणूंची गणितं, हवामानाची प्रारूपं, दुर्बिणींचा डेटा असं सगळं काम अशा सामायिक यंत्रांवर चालतं. यंत्र एक आणि मागणारे शेकडो, त्यामुळे कोणाचं काम कधी सुरू होणार यावर कोणाचा तरी प्रबंध अडलेला असतो.

रांग कोण लावतं?

माणूस नाही, एक प्रणाली. जगभरच्या अनेक केंद्रांवर आणि आपल्या परम यंत्रांवरही त्यासाठी ‘स्लर्म’ वापरलं जातं. तुम्ही किती नोड हवेत, किती वेळ हवा हे लिहून काम टाकता. स्लर्म रांगेतल्या प्रत्येक कामाला एक आकडा देतं. हा आकडा म्हणजे प्राधान्य. तो अनेक घटकांच्या बेरजेतून येतो : किती वेळ थांबलात, तुमच्या गटाने हल्ली यंत्र किती वापरलं, काम केवढं आहे, कोणत्या रांगेत टाकलंय. प्रत्येक घटक शून्य ते एकच्या दरम्यान असतो आणि त्याला केंद्राने ठरवलेल्या वजनाने गुणलं जातं. ही वजनं प्रत्येक केंद्राची वेगळी. त्यामुळे ‘आमच्याकडे तर दोन दिवसांत लागतं’ या दुसऱ्या संस्थेतल्या मित्राच्या अनुभवाला तुमच्याकडे फारसा अर्थ नसतो.

तुमच्या कामाचा आकडा कसा बनला, हे लपवलेलं नसतं. कामाचा क्रमांक देऊन विचारता येतं :

```
sprio -j 48213
sshare -u $USER
```

पहिली आज्ञा प्राधान्याची फोड दाखवते, दुसरी तुमच्या वाट्याचा हिशेब. तक्रारीचा ई-मेल लिहिण्याआधी हे दोन आकडे बघितले, तर निम्मे ई-मेल लिहावेच लागणार नाहीत.

वाटा म्हणजे काय, आणि तो संपतो का?

‘फेअर शेअर’ ही कल्पना जुनी आहे. सिडनी विद्यापीठातल्या ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला होता. मूळ विचार असा : प्रत्येक गटाचा यंत्रावर ठरावीक वाटा असतो. ज्याने हल्ली वाट्यापेक्षा जास्त वापरलं तो मागे सरकतो, ज्याने कमी वापरलं तो पुढे येतो. हा महिन्याचा कोटा नाही. वाट्यापेक्षा जास्त वापरलं म्हणून दार बंद होत नाही. रांगेत दुसरं कोणी नसेल, तर खाली घसरलेल्याचंही काम लगेच लागतं.

एक काल्पनिक, पण आकड्यांनी चोख उदाहरण घेऊ. ‘क’ आणि ‘ख’ असे दोनच गट आहेत, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. वाट्याचं वजन १०,०००, थांबण्याचं वजन १,०००, आणि थांबण्याचे गुण सात दिवसांत पूर्ण होतात. स्लर्मच्या जुन्या, समजायला सोप्या सूत्रात वाट्याचा घटक असा निघतो :

```
F = 2^(-U/S)
```

इथे U म्हणजे एकूण वापरातला तुमचा हिस्सा आणि S म्हणजे ठरलेला वाटा. हल्लीच्या वापरात ‘क’चा हिस्सा ७५ टक्के आहे, म्हणजे U/S दीड. घटक येतो सुमारे ०.३५४, गुण ३,५३६. ‘ख’चा हिस्सा २५ टक्के. त्याचा घटक ०.७०७, गुण ७,०७१.

‘क’ गटातल्या विद्यार्थिनीचं काम सात दिवस रांगेत आहे. तिला थांबण्याचे पूर्ण १,००० गुण मिळाले, बेरीज ४,५३६. ‘ख’ गटातल्या एकाने पाच मिनिटांपूर्वी काम टाकलं, बेरीज ७,०७१. तो पुढे. तिने आणखी महिनाभर वाट पाहिली तरी थांबण्याचे गुण हजाराच्या वर जाणार नाहीत. केवळ थांबून ती पुढे जाऊच शकत नाही. इथे अन्याय झाल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे.

पण जुना वापर कायम डोक्यावर राहत नाही. त्याला अर्धायुष्य असतं. स्लर्ममध्ये बदल केला नसेल तर ते सात दिवस. आज १०० धरलेला वापर आठवड्याने ५० धरला जातो, पुढच्या आठवड्याने २५. आता समजा आठवडाभर ‘क’चं काहीच चाललं नाही आणि ‘ख’ने ५० एकक नवा वापर केला. ‘क’चे ७५ झाले ३७.५. ‘ख’चे २५ झाले १२.५, त्यात नवे ५० धरून ६२.५. (नव्या वापराची आठवड्यातली किरकोळ घट सोपेपणासाठी सोडली आहे.) आता ‘क’चे गुण सुमारे ५,९४६ आणि ‘ख’चे ४,२०४. पारडं फिरलं.

यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या आठवड्यात यंत्र देखभालीसाठी बंद असतं आणि कोणाचंच काही चाललं नसतं, तर दोघांचा वापर सारखाच निम्म्यावर आला असता. हिस्सा ७५ आणि २५च राहिला असता, गुणही तेच. तुम्ही थांबलात म्हणून पुढे येत नाही. तुम्ही थांबलेले असताना इतरांनी वापरलं म्हणून पुढे येता.

मी तर काहीच वापरलं नाही, मग मागे का?

बहुतेक केंद्रांवर वाटा व्यक्तीला नाही, मार्गदर्शकाच्या गटाला मिळतो. २०१९ पासून स्लर्मची मूळ पद्धत ‘फेअर ट्री’ आहे. तिच्यात आधी गटांची तुलना होते आणि मग गटाच्या आत माणसांची. दोन समान पातळीच्या गटांत जो मागे, त्या गटातले सगळेच दुसऱ्या गटातल्या सगळ्यांच्या मागे. म्हणजे गटातल्या वरिष्ठाने महिनाभर यंत्र दामटलं असेल, तर कालच दाखल झालेली पीएचडीची विद्यार्थिनी पहिलंवहिलं काम टाकतानाच मागे उभी असते. गटाच्या आत तिला वरिष्ठापेक्षा वरचं स्थान मिळतं, पण बाहेरच्या स्पर्धेत गटाचं ओझं तिच्याही खांद्यावर.

माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत अवघड जागा हीच आहे, आणि ती तंत्राने सुटणारी नाही. मुदत कोणाची जवळ आली आहे, हे स्लर्मला ठाऊक नसतं. ते प्रयोगशाळेच्या बैठकीतच ठरवावं लागतं. शिवाय वापर मोजला जातो तो अडवलेल्या साधनांवर. ४८ कोअर मागून प्रोग्रामने एकच चालवला, तरी गटाच्या खात्यावर ४८ लागतात.

मग रिकाम्या नोडचं काय?

आता मूळ स्क्रीनशॉटकडे येऊ. दहा नोडचं यंत्र समजा. दुपारचे १२ वाजलेत. सात नोडवर एक काम चालू आहे आणि त्याची मुदत संध्याकाळी ६ला संपते. तीन नोड रिकामे. रांगेत पहिलं उभं आहे ते दहाही नोड मागणारं काम. स्लर्म त्याच्यासाठी सहाची वेळ राखून ठेवतं. तीन रिकामे नोड मोकळे पडलेले नाहीत, ते सहा वाजताच्या कामासाठी धरलेले आहेत. असं केलं नाही, तर छोटी कामं सतत मधे घुसत राहतील आणि मोठ्या कामाला दहा नोड एकाच वेळी कधीच मोकळे मिळणार नाहीत.

मात्र सहा तास तीन नोड बसवून ठेवणं हाही अपव्ययच. म्हणून ‘बॅकफिल’ची सोय असते. खालच्या प्राधान्याचं एखादं काम त्या फटीत पूर्ण बसत असेल, तर ते आधी लावलं जातं. कोणी दोन नोड पाच तासांसाठी मागितले, तर ते पाच वाजता संपेल आणि सहाच्या कामाला धक्का लागणार नाही. ते लगेच सुरू. तुम्हीही दोनच नोड मागितले, तुमचं काम प्रत्यक्षात चारच तासांचं आहे, पण स्क्रिप्टमध्ये लिहिलंय :

```
#SBATCH --time=1-00:00:00
```

म्हणजे एक पूर्ण दिवस. स्लर्मला तुमच्या मनातले चार तास दिसत नाहीत, लिहिलेले चोवीस दिसतात. तुम्ही फटीत बसत नाही. तुमच्या नंतर आलेला पुढे गेला, त्याचं कारण वशिला नाही, ही एक ओळ. ‘असू दे जास्त, काम मधेच तुटायला नको’ म्हणून कमाल मुदत लिहायची सवय जवळपास सगळ्यांनाच असते. भीती खरी आहे, कारण मुदत संपली की स्लर्म काम थांबवतं. पण जुन्या कामांना खरा वेळ किती लागला, हे विचारता येतं :

```
sacct -u $USER -S 2025-01-01 --format=JobID,Elapsed,Timelimit
```

Elapsed खरा वेळ, Timelimit मागितलेला. दोन्ही शेजारी ठेवा आणि खऱ्या वेळेवर पाव-एक भाग जादा मागा. काम मधली स्थिती साठवून पुन्हा तिथूनच सुरू करता येत असेल, तर लांब कामाचे तुकडे करता येतात. तुकडे फटीत सहज बसतात.

बॅकफिलचाही दोष आहे. सात नोडवरचं ते काम सहाऐवजी तीनलाच संपलं, तर मोठं काम तीनला सुरू होऊ शकलं असतं. पण फटीत बसवलेलं काम पाचपर्यंत चालणार, म्हणून त्याला दोन तास थांबावं लागतं. एकाने फुगवून लिहिलेल्या मुदतीचा भुर्दंड असा तिसऱ्यालाच बसतो.

तुमचं नेमकं काय अडलंय?

```
squeue -u $USER --start
```

ही आज्ञा सुरू होण्याची अंदाजे वेळ दाखवते. ती वर-खाली होत राहते, कारण कामं लवकर संपतात आणि वरच्या प्राधान्याची नवी कामंही येतात. तिकिटावरच्या वेळेसारखी ती धरून बसू नका. त्यापेक्षा शेवटच्या स्तंभातलं कारण वाचा. Priority म्हणजे तुमच्यापुढे इतर आहेत, sshare बघा. Resources म्हणजे प्राधान्य पुरेसं आहे, पण मागितलेली साधनं अजून मोकळी नाहीत. Dependency म्हणजे आधीचं काम संपायचं आहे. अशा वेळी थांबण्याचे गुणही सहसा साठत नाहीत. आणि Limit असा शब्द असलेलं कारण दिसलं, तर तुम्ही किंवा तुमचा गट केंद्राच्या एखाद्या मर्यादेला टेकला आहात. ई-मेल लिहायचाच असेल तर तो याच वेळी, कामाचा क्रमांक आणि ते कारण जसंच्या तसं देऊन.