गुपित दाखविण्यापूर्वीचा करार

दोन कारखानदार भागीदारीची बोलणी करू लागले, की आरंभीच एक पेच उभा राहतो. आपल्याजवळ काय आहे हे दाखविल्याशिवाय समोरचा पैसा घालावयास तयार होत नाही. आणि सगळेच दाखविले, तर त्याला पैसा घालण्याचे कारणच उरत नाही. या पेचातून वाट काढण्यासाठी बोलण्यांच्या आधी जो कागद करतात, त्याला गोपनीयतेचा करार म्हणतात. व्यवहारात सर्वजण त्याला ‘एनडीए’ म्हणतात.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालविणारा आमचा एक माजी विद्यार्थी असा चार पानी इंग्रजी मसुदा घेऊन आला. पंप बनविणाऱ्या एका बाहेरगावच्या कंपनीने तो पाठविला होता. पंपाच्या ओतीव भागांत धातू थिजताना आत पोकळ्या पडतात व नग नाकारले जातात. रायझर कोठे व केवढा ठेवावा याचे गणित आमच्या विद्यार्थ्याने अनेक वर्षे साचे मोडून-जोडून बसविले होते आणि कंपनीला नेमके तेच हवे होते. “सर, सही करू ना? सगळेच करतात म्हणे,” असे त्याने विचारले. आम्ही वकील नव्हे. परंतु भाषा हा आमचा विषय आहे, आणि असा करार बराचसा व्याख्येवर उभा असतो. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी तो ओळीओळीने वाचला.

पहिले कलम गोपनीय माहितीच्या व्याख्येचे. त्यात ‘एका पक्षाने दुसऱ्यास दिलेली सर्व प्रकारची सर्व माहिती’ असे लिहिले होते. ऐकावयास हे भक्कम वाटते. पण ज्यात सर्व काही येते, त्यात नेमके काय येते हे उद्या न्यायालयात दाखविता येत नाही. याचा दाखला इंग्लंडमध्ये सापडतो. कोको नावाच्या गृहस्थाने मोपेडचे एक इंजिन आखले आणि १९६७ मध्ये ते बनविण्याविषयी क्लार्क नावाच्या कंपनीशी बोलणी केली. करार झालाच नाही, बोलणी फिसकटली आणि पुढे कंपनीने स्वतःची मोपेड काढली. कोको न्यायालयात गेला. न्यायमूर्ती मेगरी यांनी तीन गोष्टी पाहिल्या : माहिती मुळात गोपनीय स्वरूपाची होती काय, ती विश्वासाने, गुप्त राखण्याच्या जबाबदारीसह दिली होती काय, आणि देणाऱ्याच्या अनुमतीवाचून तिचा वापर झाला काय. बोलणी विश्वासाने झाली, हे त्यांना पटण्यासारखे होते. परंतु दिलेल्या माहितीपैकी कोणती गोपनीय आणि तिच्यातील कोणती कंपनीच्या इंजिनात उतरली, हे कोकोला पुरेसे दाखविता आले नाही. त्यामुळे त्याला अंतरिम मनाईहुकूम मिळाला नाही. मुख्य सुनावणी होईपर्यंत दर इंजिनामागे पाच शिलिंग वेगळ्या खात्यात ठेवण्याच्या कंपनीच्या हमीवर त्याला थांबावे लागले. त्या तीन कसोट्यांचा आधार भारतातील न्यायालयेही घेत आली आहेत.

म्हणून आम्ही ‘सर्व माहिती’ खोडून तिच्या जागी जिन्नसवार यादी घातली : अमुक क्रमांकांची रेखाचित्रे, रायझरच्या मापांचे तक्ते, वाळूच्या मिश्रणाचे प्रमाण, भट्टीतील तापमानाच्या नोंदी, दरनगाचा खर्च आणि गिऱ्हाइकांची नावे. प्रत्येक कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का व तारीख असावी हेही लिहिले. उरला तोंडी बोलण्याचा प्रश्न. फाउंड्रीतले निम्मे ज्ञान भट्टीपाशी उभे राहून सांगितले जाते. त्याला शिक्का कोठे मारणार? त्यावर सर्रास योजिली जाणारी तोड अशी, की तोंडी सांगितलेले तीस दिवसांच्या आत पत्राने कळवावे, म्हणजे तेही व्याख्येत येते. ही तीस दिवसांची मुदत मात्र पाळावी लागते. भेटीच्या संध्याकाळीच चार ओळी लिहून पाठविण्याची सवय नसेल, तर ते कलम आपल्याच गळ्याशी येते.

यानंतर अपवादांचे कलम. जे आधीच सर्वांस ठाऊक आहे, जे घेणाऱ्यास पूर्वीपासून माहीत होते, जे त्याला गुप्ततेच्या बंधनात नसलेल्या तिसऱ्याकडून रीतसर मिळाले आणि जे त्याने स्वतंत्रपणे शोधून काढले, ते गोपनीय नव्हे. हे चारही अपवाद न्याय्य आहेत. ते नसतील तर घेणारा सही करणार नाही, व करूही नये. दगाफटक्याला वाव राहतो तो पुराव्यापाशी. ‘आम्हांला हे आधीच माहीत होते’ असे म्हणणे सोपे असते. म्हणून आम्ही तेथे जोडले, की अपवाद सिद्ध करण्याचा भार तो सांगणाऱ्यावर राहील. पूर्वज्ञान हे भेटीपूर्वीच्या तारखेच्या लेखी नोंदींनी दाखवावे लागेल, आणि स्वतंत्र शोध लावणाऱ्या माणसांनी ही रेखाचित्रे पाहिलेली नसावीत. आणखी एक वाक्य घातले : सुटे घटक बाजारात माहीत आहेत एवढ्यावरून त्यांची जुळणी माहीत होती असे समजू नये. रायझर कोणत्या फाउंड्रीला ठाऊक नाही? त्याच्या जागेचे व मापाचे गणित मात्र ठाऊक नसते. न्यायालयाच्या आदेशाने माहिती द्यावी लागली तर ती द्यावी, पण शक्य तर आधी कळवून आणि मागितली तेवढीच.

मुदतीचे कलम सर्वांत निरुपद्रवी दिसले आणि तेच सर्वांत लबाड निघाले. ‘सहीच्या दिवसापासून दोन वर्षे’ असे ते होते. बोलणी लांबून तेविसाव्या महिन्यात एखादे रेखाचित्र दिले, तर त्याचे संरक्षण एका महिन्यात संपेल. येथे दोन वेगळ्या मुदती लागतात : माहिती देण्याघेण्याची एक, आणि ती गुप्त राखण्याची दुसरी. पहिली आम्ही एक वर्षाची ठेवली. दुसरी प्रत्येक कागद दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षे. खर्चाच्या आकड्यांना पाच वर्षे पुष्कळ झाली, तोवर भंगाराचे भावच बदललेले असतात. रायझरच्या गणिताचे तसे नाही. मुदत संपताच ‘आता आम्ही मोकळे’ असे समोरचा म्हणू शकतो. म्हणून तेवढ्यापुरते ‘ते सार्वजनिक होईपर्यंत’ असे लिहिले. बोलणी फिसकटल्यास पंधरा दिवसांत सर्व कागद व प्रती परत, हेही त्यातच आले.

शेवटच्या पानावर एक पाहुणे कलम येऊन बसले होते : बोलणी संपल्यानंतरही तीन वर्षे फाउंड्रीने दुसऱ्या पंपवाल्यास माल देऊ नये. हे गुप्ततेचे कलम नव्हेच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार कायदेशीर धंदा करण्यास मज्जाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. धंद्याचा नावलौकिक विकल्याच्या प्रसंगाचा तेवढा अपवाद आहे. पण न टिकणारे कलमही भीती घालण्यास पुरते, म्हणून ते काढून टाकले. भंग झाल्यास पन्नास लाख, असाही एक आकडा तेथे होता. चौऱ्याहत्तराव्या कलमाखाली न्यायालय तो आकडा जसाच्या तसा देत नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरविते. खरी निकड असते ती मनाईहुकुमाची, आणि त्यासाठी पुन्हा यादीच उपयोगी पडते.

वकिलांनी आमचे मराठी टिपण पाहून त्याचे कायद्याच्या इंग्रजीत रूपांतर केले. कंपनीने यादी व मुदत मान्य केली. पुराव्याचा भार मात्र स्वतःवर घेण्यास ती अद्याप राजी नाही. तोवर आमच्या विद्यार्थ्याने त्यांच्या अभियंत्यांना फाउंड्री दाखविली. तयार नग व तपासणीचे अहवाल दाखविले. साच्यांची खोली कुलूपबंद आहे.