तान्ह्या बाळाला निरक्षर ठरवणारा तक्ता

परवा एका मित्राने एक्सेल फाइल पाठवली. प्रकल्प अहवालासाठी २०११च्या जनगणनेवरून केलेला राज्यवार तक्ता. खाली मोठ्या रुबाबात निष्कर्ष: "कुटुंब लहान असेल तर माणसं जास्त साक्षर होतात." महाराष्ट्रासमोर साक्षरता होती ७२.६ टक्के. मी म्हटलं, बाबा रे, हा आकडा ८२.३ असतो. दहा टक्के लोक कुठे गेले?

गेले कुठेच नव्हते. ते पाळण्यात होते! जनगणनेत सहा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल निरक्षर धरतात, म्हणून साक्षरतेचा दर सात वर्षं आणि वरच्या लोकसंख्येवर काढतात. पण फाइलमधल्या निरक्षरांच्या `P_ILL` या रकान्यात ही मुलंही असतात. महाराष्ट्रात तो आकडा ३.०८ कोटी आहे, त्यातली १.३३ कोटी नुसती पोरं. आमच्या मित्राने साक्षरांना सरळ एकूण लोकसंख्येने भागलं होतं. खरं सूत्र एवढंच:

```
=P_LIT/(TOT_P-P_06)*100
```

"सगळ्याच राज्यांना तोच नियम लावलाय, मग तुलना तर बरोबर येते ना?" हा त्याचा बचाव. नाही येत. बिहारमध्ये ०-६ वयाची मुलं लोकसंख्येच्या १८.४ टक्के, केरळात १०.४. म्हणजे बिहारचा दर जास्त घसरतो. चुकीच्या सूत्राने दोघांतला फरक ३३.८ अंक येतो, बरोबर सूत्राने ३२.२. आणि गंमत बघा, ज्या लहान मुलांमुळे घरटी माणसं वाढतात, तीच मुलं साक्षरताही खाली ओढतात. म्हणजे जो संबंध आपण "शोधला", त्यातला काही भाग आपणच भागाकारात घातलेला!

आता निष्कर्षाचा परिच्छेद. तक्ता राज्यांचा आहे, घरांचा नाही. कुठल्या घरात किती माणसं आणि त्यातली किती शिकलेली, हे त्यात कुठेही नाही. त्यामुळे "लहान कुटुंबातली माणसं जास्त साक्षर" हे वाक्य या तक्त्यातून निघतच नाही, "लहान कुटुंबामुळे" तर सोडाच. मी असं लिहून दिलं:

"२०११मध्ये केरळात दर कुटुंबामागे सरासरी ४.३ व्यक्ती होत्या आणि साक्षरता (७ वर्षे व अधिक) ९४.० टक्के होती. महाराष्ट्रात हेच आकडे ४.६ आणि ८२.३, तर बिहारमध्ये ५.५ आणि ६१.८ होते. या तीन राज्यांत कुटुंबाचा सरासरी आकार जिथे मोठा, तिथे साक्षरता कमी दिसते. हे आकडे राज्यपातळीवरचे असल्याने एकेका कुटुंबाविषयी त्यावरून अनुमान काढता येत नाही."

मित्र म्हणाला, "फारच मिळमिळीत झालं रे." असू दे की. तक्त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच त्याच्या तोंडी घालावं. ठसकेबाज निष्कर्ष हवा असेल तर एकेका घराची माहिती देणारा सर्व्हे शोधा. बेरजा करून थकलेल्या एक्सेलकडून तो वदवून घेऊ नका.