परत आल्यावरचे आजारपण

परदेशी जाणाऱ्याला सगळे सांभाळून राहायला सांगतात. परत येणाऱ्याला कुणी काही सांगत नाही, कारण तो आपल्याच घरी येत असतो. आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

आमच्या जळकोट भागातली बरीच मुले आखातात जातात. असाच एक तरुण सात वर्षे मोठमोठ्या इमारतींची वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करून कायमचा परतला आणि तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे आला. छातीत जळजळ, रात्री झोप नाही, पोरांवर विनाकारण खेकसणे अशा त्याच्या तक्रारी होत्या. सोबत आलेले वडील म्हणाले, "साहेब, पैसा आला अन् याचं डोकं फिरलं." रक्त, साखर, थायरॉईड, सगळे तपासले. काही निघाले नाही.

त्याच्याशी निवांत बोललो तेव्हा उलगडा झाला. पहिला महिना पाहुण्यांत आणि जेवणावळींत छान गेला. मग तिकडचे भोंग्यावर चालणारे आयुष्य आणि इकडचे "उद्या बघू" यांचा खटका उडू लागला. कुणी उसने पैसे मागे, कुणी "परत कधी जाणार?" विचारी. त्याच्या माघारी घराची घडी बसलेली होती. बाजारहाट, शाळेची फी सगळे बायको पाहत होती. आपली इथे गरजच नाही, असे त्याच्या मनाने घेतले.

या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधक दांपत्याने १९६३ साली परदेशाहून परतलेल्यांबद्दल लिहिताना मनाची उतरंड दोनदा येते असे मांडले: एकदा परमुलुखात, एकदा घरी आल्यावर. प्रत्येकाचे असेच होते असे नाही. पण दुसरी उतरंड जास्त जाचते, कारण तिची अपेक्षाच नसते. परमुलुख परका वाटणार हे माणूस धरून चालतो, स्वतःचे गाव परके वाटेल असे त्याला स्वप्नातही वाटत नाही.

वाचकहो, अशा वेळी घरचे दोन चुका करतात. एक तर लगेच परत जा म्हणून मागे लागतात, नाहीतर सगळी शिल्लक घालून दुकान टाकायला लावतात. दुसरी चूक अधिक महागात पडते. या तरुणाला मी एवढेच सांगितले, सहा महिने शिल्लक हलवू नको, आधी इथले काम बघ. तिकडे भाग बिघडला की खोक्यातला नवा काढून बसवायचा. इथे विजेचा दाब कमी-जास्त होतो, एक फेज जाते, शेतकऱ्याची मोटार जळते आणि तीच पुन्हा भरून द्यावी लागते. सात वर्षांचा कारागीर, पण मोटार भरणे त्याला येत नव्हते! उदगीरला एका दुकानात तो दोन महिने हाताखाली बसला. पहिला आठवडा त्याला फार जड गेला. मात्र झोप त्याच काळात सुधारली.

हाताखाली बसण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आठवावेत. अमेरिकेत शिक्षण घेऊन १९७० साली ते परतले आणि दुष्काळी जामखेडला काम सुरू केले. लोकांना विचारले तर लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती, अन्न-पाण्याची होती. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहतील हा त्यांचा बेतही जमला नाही. तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून आरोग्य सेविका केले, आणि पुढे जामखेडचे नाव झाले ते याच बायकांमुळे. अमेरिकेतली विद्या वाया गेली नाही, पण तिला इथल्या मापाने पुन्हा कापावे लागले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नऊ वर्षे लागली, हेही ध्यानात घ्यावे.

आता एक सावधगिरी. चिडचिड, उदासी येऊन जाऊन असेल, मित्र भेटले की माणूस खुलत असेल, तर ती बहुधा काही महिन्यांत ओसरते. पण सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेले असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, दारू वाढली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. नुसती झोपेची गोळी दुकानातून आणून देऊ नये. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतून.