मलम नको, आधी लघवी तपासा

वस्तीतल्या एका सफाई कामगार दादांच्या दोन्ही नडग्यांवर जांभळट पुरळ उठले. दवाखान्यात ‘बुटांची अ‍ॅलर्जी’ म्हणून मलम मिळाले. आम्ही डागांवरून बोट फिरवले, तर ते हाताला उंच लागले. काचेचा पेला दाबून पाहिला, तरी रंग गेला नाही. अ‍ॅलर्जीची लाली दाबल्यावर फिकी पडते. इथे रक्त वाहिनीबाहेर कातडीत झिरपलेले असते, म्हणून डाग तसाच राहतो. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आल्याची ही खूण असू शकते. सावळ्या कातडीवर हे डाग काळपट दिसतात, नजरेतून सुटतात, म्हणून आमचा भरवसा बोटावर जास्त.

हीच सूज मूत्रपिंडातही असू शकते आणि तिथे ती दुखत नाही. दादांच्या लघवीत रक्त आणि प्रथिने दोन्ही सापडली, तेव्हा कुठे त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले गेले. लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब, एवढेही न पाहता मलम लिहून देणारा डॉक्टर आमच्या माणसांच्या पायांकडे पाहतच नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तपासणी मागून घ्या. पहिली चांगली आली तरी पुढचे काही महिने ती पुन्हा करावी लागते, कारण मूत्रपिंडाचा त्रास मागाहूनही सुरू होतो. अलीकडे नवे औषध किंवा घशाचा संसर्ग झाला असेल तर तेही सांगा. ताप, पोटात कळा किंवा काळी शौच असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.